पस्तिसाव्या सेकंदाचं यकृत

सातारा जिल्ह्यातून आलेल्या त्या कुटुंबाच्या हातात दोन रिपोर्ट होते आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होते. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात २.८ सेंटिमीटरची गाठ होती. चारच दिवसांनी काढलेल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात मात्र यकृतात स्पष्ट गाठ दिसत नाही, असं लिहिलं होतं. काका छप्पन्न वर्षांचे, हिपॅटायटिस-बी बरीच वर्षं अंगात मुरलेला, त्यातून यकृत आकसून खडबडीत झालेलं, म्हणजे सिऱ्होसिस. काकूंचा प्रश्न सरळ होता. "सीटी तर सोनोग्राफीपेक्षा मोठी तपासणी ना? मग तिला गाठ दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असंच ना डॉक्टर?"

मी सीटीच्या रिपोर्टची पहिली ओळ पाहिली. तपासणी साधी होती, डाय न देता केलेली. डायने किडनी जाते असं कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनीच डायला नकार दिला होता. रिपोर्ट लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, सोनोग्राफी करणाऱ्याचंही नाही. गाठ होती, आणि साध्या सीटीत ती न दिसणं अगदी स्वाभाविक होतं. असे रुग्ण आमच्याकडे अधूनमधून येत असतात. या काकांच्या तपासणीचाच धागा धरून डायचं काम समजावून सांगतो, कारण यकृत हा अवयव ते जितक्या स्पष्टपणे दाखवतो तितकं दुसरा कुठलाच दाखवत नाही.

सीटीचं चित्र फोटोसारखं दिसत असलं तरी मुळात तो आकड्यांचा तक्ता असतो. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, समोरच्या बाजूचे ग्राहक किती किरण पलीकडे पोचले ते मोजतात, आणि शरीराच्या प्रत्येक बारीक ठिपक्याने किरण किती अडवले याचं गणित संगणक मांडतो. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं असं चित्र काढलं. हे आकडे त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. पाणी शून्यावर, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, आणि घट्ट हाड हजाराच्या आसपास किंवा वर. पट्टी एवढी लांब असली तरी पोटातले बहुतेक अवयव तिच्या अगदी चिंचोळ्या भागात दाटीने बसलेले असतात. रक्त ४० च्या आसपास, प्लीहा ५० च्या आसपास, यकृत ५५ ते ६०.

काकांच्या साध्या सीटीत मी यकृतावर माऊसने छोटं वर्तुळ काढलं तर आकडा आला ५४. सोनोग्राफीने दाखवलेल्या जागी दुसरं वर्तुळ काढलं तर ४८. फरक सहाचा. पण सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचा आकडा नैसर्गिकपणेच दहा-पंधरा एककांनी खालीवर हलत असतो. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर यायच्या तशा त्या मुंग्या असतात. एवढ्या मुंग्यांमध्ये सहा एककांचा फरक डोळ्याला दिसत नाही. जागा आधीच माहीत होती म्हणून मी तिथे मोजू शकलो, माहीत नसती तर मलाही काही दिसलं नसतं. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. गाठीचा पोत वेगळा असल्यामुळे तिथून येणारा प्रतिध्वनी वेगळा होता आणि म्हणून ती तिथे दिसली. सीटीला पोत कळत नाही, तिला किरण किती अडले एवढंच कळतं. गाठीतल्या आणि यकृतातल्या पेशी बनलेल्या असतात त्याच हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या. किरणांच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

मग हा सारखेपणा मोडायचा कसा? बाहेरून असं काहीतरी आणायचं, जे किरण फार जोरात अडवेल आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रमाणात जाऊन बसेल. ते काहीतरी म्हणजे आयोडीन.

डाय या शब्दाने एक गैरसमज होतो तो आधीच दूर करतो. या औषधाला रंग नसतो. बाटलीतलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ, फक्त थोडं दाट असतं, म्हणून ते टोचण्याआधी अंगाच्या तापमानाइतकं कोमट करून पातळ करतात. तपासणीनंतर लघवीला रंग येत नाही. काही लोक तो शोधत बसतात आणि दिसला नाही म्हणून घाबरतात. डाय शरीरात कुठे प्रकाशतही नाही. तो फक्त किरण गिळतो, आणि जिथे किरण जास्त गिळले जातात तो भाग पांढरा दाखवायचा हा आमचा रिवाज आहे. हाड पांढरं दिसतं त्याचंही कारण तेच.

आयोडीन किरण इतके का गिळतं? अणूच्या केंद्राला अगदी लगटून फिरणारे इलेक्ट्रॉन केंद्राने किती घट्ट धरून ठेवलेत यावर ते अवलंबून आहे. क्ष-किरणाचा एखादा कण येऊन असा आतला इलेक्ट्रॉन उखडतो तेव्हा त्याची सगळी ऊर्जा त्यात खर्ची पडते आणि तो कण तिथेच संपतो. पण ऊर्जा त्या पकडीहून थोडीच जास्त असली तर हे फार सहज घडतं, खूप जास्त असली तर किरण बहुधा तसाच पुढे निघून जातो. कार्बन आणि ऑक्सिजनच्या आतल्या इलेक्ट्रॉनची पकड एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही कमी असते. सीटीच्या नळीतून निघणारे किरण मुख्यतः ४० ते ८० च्या दरम्यान असतात, त्यांच्यापुढे ही पकड अगदीच ढिली. आयोडीनच्या केंद्रात ५३ प्रोटॉन आहेत आणि त्याच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनची पकड ३३. म्हणजे सीटीचे किरण नेमके त्या पकडीच्या थोडे वर येतात. कुलपाला किल्ली बसावी तसं हे जमून येतं. शिवाय अशा गिळण्याची शक्यता प्रोटॉनच्या संख्येच्या साधारण घनाने वाढते, त्यामुळे ऑक्सिजनच्या ८ आणि आयोडीनच्या ५३ यांतला फरक सहा-सात पटींचा न राहता जवळजवळ तीनशे पटींचा होतो. नळीचा दाब १२० किलोव्होल्टवरून ८० वर आणला तर किरण त्या ३३ च्या आणखी जवळ येतात आणि तेवढ्याच डायने रक्तवाहिन्या कितीतरी जास्त उजळतात. सडपातळ माणसाला कमी डायमध्ये तपासायचं असेल तेव्हा टेक्निशियन हाच उपाय वापरतात.

नुसतं आयोडीन मात्र शिरेतून देता येत नाही. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी कार्बनच्या षट्कोनी कड्याला आयोडीनचे तीन अणू घट्ट जखडून टाकले. हे कडं रक्तात फिरतं, पेशींच्या आत शिरत नाही, शरीर त्याचं काही पचवत नाही, आणि मूत्रपिंड ते जवळजवळ जसंच्या तसं बाहेर टाकतं. शिरेतून देऊन मूत्रमार्ग दाखवणारं पहिलं चांगलं आयोडीनयुक्त औषध, युरोसिलेक्टन, १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून पुढे आलं. त्यानंतर कित्येक वर्षं वापरात असलेली औषधं रक्तापेक्षा पाच-सात पट खारट, त्यामुळे टोचताना आग व्हायची. स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांनी समुद्रात पोहताना एक गोष्ट टिपली. जास्त खारट पाण्यात डोळे चुरचुरतात, कमी खारट पाण्यात नाहीत. त्यावरून औषधाचा खारेपणाच कमी केला पाहिजे हा विचार त्यांनी धरला, आणि आज वापरतो ती नॉन-आयनिक औषधं त्यातून आली. तीही रक्ताच्या अडीच-तीन पट दाट असतात. डाय जाताना अंगभर उष्ण लाट येते, तोंडात धातूची चव येते आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं, ते रक्तवाहिन्या क्षणभर सैल पडल्यामुळे. कपड्यात काही झालेलं नसतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण ऐन चित्राच्या वेळी दचकून हलतो.

आता काकांच्या तपासणीकडे येतो. क्रिएटिनिन ०.९ होतं, मूत्रपिंडं ठणठणीत. कोपराच्या घडीतल्या ठसठशीत शिरेत जाड सुई लावली. औषधाच्या दर मिलिलिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन, आणि औषध १०० मिलिलिटर. म्हणजे ३५ ग्रॅम आयोडीन. माणसाला अन्नातून दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. त्या हिशेबाने सहाशे वर्षांहून जास्त पुरेल इतकं आयोडीन पंचवीस सेकंदांत शरीरात गेलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं लघवीवाटे निघूनही गेलं. पक्क्या जखडणीचा हा फायदा. पण थोडं आयोडीन सुटं होतंच आणि थायरॉइड तेवढंही टिपते. थायरॉइडच्या कर्करोगाला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं असेल तर डायच्या सीटीनंतर काही आठवडे थांबावं लागतं, ते त्यासाठीच.

इंजेक्टर यंत्राने सेकंदाला ४ मिलिलिटर वेगाने औषध ढकललं. हे औषध हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूत आणि मग महाधमनीत येतं. निरोगी हृदय मिनिटाला पाच लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. या ८३ मिलिलिटरमध्ये दर सेकंदाला १४०० मिलिग्रॅम आयोडीन मिसळलं तर दर मिलिलिटर रक्तात सुमारे १७ मिलिग्रॅम येतं. रक्तात मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम आयोडीन आलं की १२० किलोव्होल्टवर सीटीचा आकडा साधारण २५ ने चढतो. गणित चारशेच्या पुढे जातं. प्रत्यक्षात औषध वाटेत पसरत जातं, म्हणून काकांच्या महाधमनीत आकडा ३२० मिळाला. साध्या सीटीत तिथेच ४० होता. इतक्या मोठ्या उडीनंतर बोटभर जाडीची वाहिनी असो की गव्हाच्या काडीएवढी, ती शेजारच्या मांसातून ठळक उठून दिसते. धमनीत कुठे अरुंदपणा आहे, कुठे फुगा आहे, कुठे भिंत फाटून रक्त दुसऱ्या वाटेने चाललंय, हे सगळं या उडीमुळे कळतं.

अवयव उजळतात ते थोडं वेगळ्या रीतीने. केशवाहिन्यांच्या भिंतीत फटी असतात, त्यातून डाय बाहेर झिरपतो आणि पेशींच्या मधल्या जागेत साठतो. स्पंजने पाणी धरावं तसं. मेंदूच्या केशवाहिन्यांमध्ये मात्र अशा फटी नसतात. म्हणून डाय दिला तरी निरोगी मेंदू फारसा उजळत नाही, आणि एखादी जागा उजळलीच तर तिथली तटबंदी कुठल्यातरी गाठीने किंवा जंतुसंसर्गाने फोडलेली असते.

यकृताची गंमत त्याच्या दुहेरी पाणीपुरवठ्यात आहे. त्याला एक धमनी येते ती थेट महाधमनीच्या फांदीतून, पण तिच्यातून साधारण पाव हिस्साच रक्त मिळतं. उरलेलं पाऊण येतं द्वारशिरेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून. हे रक्त आधी आतडी आणि प्लीहा फिरून मग यकृताकडे येतं, त्यामुळे त्याला उशीर होतो. यकृताच्या पेशींपासून होणारा कर्करोग मात्र वाढता वाढता या दुसऱ्या पुरवठ्यापासून तुटतो आणि जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढायला लागतो. एका शेताला पाटाचं पाणी आणि शेजारच्याला विहिरीचं मिळावं, तसं. दोन्ही पाणी एकाच वेळी येत नाही, आणि आमची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

महाधमनीवर यंत्राची नजर ठेवली होती. दर दीड सेकंदाला कमी किरणांचं एक चित्र, आणि आकडा १५० वर गेला की अठरा सेकंद थांबून पूर्ण यकृताचं चित्र. हा क्षण साधारण पस्तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला येतो. धमनीचं रक्त तेव्हा यकृतात पोचलेलं असतं, द्वारशिरेचं नुकतं येऊ लागलेलं असतं. या चित्रात काकांचं यकृत ६८ वर होतं, जेमतेम जागं झालेलं. आणि उजव्या भागात, जिथे साध्या सीटीत काहीच नव्हतं, तिथे एक गोल ठिपका चमकत होता. आकडा ११२. मागच्या सीटीतला सहाचा फरक आता चव्वेचाळीसचा झाला होता, तोही उलट्या बाजूने.

सत्तराव्या सेकंदाला दुसरं चित्र. आता द्वारशिरेचं रक्त डाय घेऊन यकृतात भरलेलं होतं आणि यकृत १०८ वर गेलं होतं. गाठीतलं धमनीचं दाट रक्त तोवर पुढे निघून गेलेलं, तिथे आकडा ९६. तिसरं चित्र तीन मिनिटांनी काढलं. यकृत ९२, गाठ ७४. मघाशी चमकणारा ठिपका आता गडद भोकासारखा दिसत होता आणि त्याच्याभोवती उजळ कडा होती.

आधी चमकून नंतर विझणं हे या कर्करोगाचं लक्षण आहे. सिऱ्होसिस किंवा जुना हिपॅटायटिस-बी असलेल्या माणसात दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ अशी वागली तर सुई घालून तुकडा न काढताही निदान पक्कं धरता येतं. शरीरात फार थोडे कर्करोग असे आहेत. तीच गाठ वेगळी वागली असती तर निदानही वेगळं झालं असतं. रक्तवाहिन्यांची साधी, निरुपद्रवी गाठ, हिमँजिओमा, पस्तिसाव्या सेकंदाला फक्त कडेला तुकड्यातुकड्याने उजळते आणि मग मिनिटामिनिटाने आत भरत जाते, तीन मिनिटांनीही विझत नाही. पाण्याची गाठ पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत शून्याच्या आसपासच राहते, कारण तिच्यात रक्त जातच नाही.

म्हणून "डाय टाकून सीटी काढा" एवढं लिहिणं पुरत नाही. कुठल्या सेकंदाला, हेही लिहावं लागतं. काकांचं फक्त सत्तराव्या सेकंदाचं एकच चित्र काढलं असतं, आणि पोटाचा नेहमीचा डायचा सीटी तसाच असतो, तर १०८ मध्ये ९६ चा एक पुसट डाग दिसला असता. कदाचित दिसलाही नसता. वेळ चुकली तर डायचा सीटीही साध्या सीटीइतकाच मुका होतो.

वेळ चुकते ती बहुधा हृदयामुळे. हृदय दुबळं असेल तर डाय महाधमनीत दहा-पंधरा सेकंद उशिरा पोचतो. घड्याळ लावून पस्तिसाव्या सेकंदालाच चित्र काढलं तर गाठीत अजून काही पोचलेलं नसतं आणि ती चमकली नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यासाठीच घड्याळाऐवजी महाधमनीवर नजर ठेवतात. मी असं चित्र हातात आलं की गाठीकडे शेवटी पाहतो. आधी द्वारशीर पाहतो. ती किंचित उजळलेली आणि यकृतातून बाहेर जाणाऱ्या शिरा अजून काळ्या असतील तर चित्र वेळेवर निघालंय. द्वारशीर पूर्ण काळी असेल तर घाई झाली. योग्य वेळी प्लीहा झेब्र्यासारखी पट्टेरी दिसते, तीही एक खूण. अशीच आणखी एक फसवणूक पोटातल्या मोठ्या शिरेत होते. मूत्रपिंडातून डायने भरलेलं रक्त लवकर येतं, पायांतून साधं रक्त उशिरा येतं, आणि दोन्ही मिसळतात तिथे शिरेत काळा गोळा दिसतो. हुबेहूब गुठळीसारखा. मिनिटभराने पुन्हा पाहिलं की तो नाहीसा झालेला असतो, खरी गुठळी जागची हलत नाही.

इतकं ऐकल्यावर काकूंनी विचारलं, मग साधा सीटी काढायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की काही ठिकाणी डायच आड येतो. मुतखड्याचा आकडा कित्येक शेकड्यांत असतो, साध्या सीटीत तो काळ्या शेतातल्या पांढऱ्या खड्यासारखा दिसतो. डाय दिल्यावर काही मिनिटांनी लघवीच पांढरीफेक होते आणि खडा तिच्यात बुडतो. पक्षाघाताच्या रुग्णाला सीटीवर नेतात तेव्हाही पहिलं चित्र साधंच असतं. मेंदू तीस-चाळीसच्या घरात, पण वाहिनीतून सांडून गोठलेलं ताजं रक्त ६० ते ८०, कारण गोठताना पाणी पिळून निघतं आणि हिमोग्लोबिन दाट होतं. तिथे डायची गरजच नसते. उलट आधी डाय दिला तर पांढरं दिसतंय ते सांडलेलं रक्त की औषध, हा गोंधळ उरतो.

दुसरं कारण वजाबाकीचं. मूत्रपिंडात डायच्या सीटीवर ६५ आकड्याची गोल गाठ दिसली तर ती कर्करोगाची आहे का, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. साध्या सीटीत ती ६३ असेल तर ती जुनं रक्त किंवा दाट द्रव भरलेली पिशवी आहे, तिने डाय घेतलेलाच नाही, आणि रुग्णाला निर्धास्त घरी पाठवता येतं. साध्या सीटीत ३० असेल तर तिने ३५ एकक डाय ओढला, तिच्यात जिवंत रक्तपुरवठा आहे, आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. वीस एककांच्या वर वाढ झाली तर ती खरी धरतात, दहाच्या आत असेल तर यंत्राची हलकल्लोळ म्हणून सोडून देतात, मधल्या पट्ट्यात दुसरी तपासणी लागते. पण दरवेळी सगळीच चित्रं काढायची नसतात. चार वेळा चित्र म्हणजे चौपटीच्या आसपास किरण. प्रश्न नेमका असेल तर एक किंवा दोन चित्रांत काम भागतं.

किडनीची भीती पूर्ण खोटी नाही, पण सरसकट खरीही नाही. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला तीस मिलिलिटरच्या खाली गेलेली असेल किंवा मूत्रपिंडं नुकतीच अचानक बिघडलेली असतील, तिथे आम्ही थांबतो, मूत्रपिंडतज्ज्ञाशी बोलतो आणि गरज असेल तर शिरेतून सलाइन देऊन मगच डाय देतो. अशा रुग्णांची मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही दोन दिवस बंद ठेवतो. ज्यांची मूत्रपिंडं चांगली आहेत त्यांना डाय नाकारून गाठ हुकवणं हा माझ्या मते जास्त मोठा धोका आहे. काकांच्या बाबतीत तो धोका जवळजवळ प्रत्यक्षात उतरला होता.

ॲलर्जीबद्दल कोकणातले रुग्ण हमखास विचारतात, "मला कोळंबी चालत नाही, आयोडीन कसं चालेल?" कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे, तिचा डायशी खास संबंध नाही. आधी कधी डायनेच अंगावर पित्त उठलं असेल, श्वास अडकला असेल, तर ते मात्र न विसरता सांगायचं. जपानमध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्या, नॉन-आयनिक औषधांनी गंभीर प्रतिक्रिया येण्याचं प्रमाण ०.०४ टक्के निघालं, जुन्या औषधांच्या पाचव्या हिश्श्याइतकं. दहा हजारांत चार. ते चार कोण हे आधी कळत नाही, म्हणून डाय दिल्यावर अर्धा तास सुई हातातच ठेवतात आणि रुग्णाला नजरेआड होऊ देत नाहीत. त्या अर्ध्या तासात "आता जाऊ का?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी बसवूनच घेतो. त्यापेक्षा जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे शीर फुटून डाय कातडीखाली जाणं. हात सुजतो, ताणतो, दुखतो. टोचताना सुईच्या जागी दुखलं किंवा फुगल्यासारखं वाटलं तर लगेच ओरडून सांगायचं, इंजेक्टर तत्काळ थांबवता येतो.

काकांच्या गाठीवर सुईने उष्णता देऊन ती जाळून टाकायचं ठरलं. महिन्याने ते पुन्हा आमच्या टेबलावर आले. या वेळी साध्या चित्रातच ती जागा स्पष्ट दिसत होती, शेजारच्या यकृतापेक्षा पांढरी. ते पाहून मुलाचा चेहरा पडला. त्याला मागचा चमकणारा ठिपका आठवला असणार. पण जळून गोठलेला भाग डायशिवायही पांढरा दिसतो, आणि या पांढऱ्याला काही अर्थ नव्हता. वर्तुळ काढलं, आकडा ६६. डाय दिला, पस्तीस सेकंद गेले, महाधमनी उजळली, मूत्रपिंडांच्या कडा उजळल्या, प्लीहा पट्टेरी झाली. त्याच जागी पुन्हा वर्तुळ काढलं. ६७.

काकू काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी उभ्या होत्या. "उजळली का?"

"नाही काकू."

कडेकडेने आणखी सात-आठ वर्तुळं काढून मी सगळे आकडे तपासले, कारण गाठ परत उगवते ती बहुधा कडेनेच. एकही आकडा हलला नव्हता. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची लिहून दिली, आणि कागदावर खाली लिहिलं: साधं चित्र, मग पस्तीस सेकंद, सत्तर सेकंद, तीन मिनिटं.